तलबियात आपण काय म्हणतो, तो कुठून सुरू करायचा आणि कुठे बंद करायचा

प्रश्न: अस्सलामु अलैकुम चाचा. अम्मी-अब्बा यंदा हजला चाललेत, मुंबईहून थेट जेद्दाची फ्लाइट आहे. ‘लब्बैक’ दोघांनी पाठ केलंय पण अब्बा विचारतात याचा पूर्ण अर्थ काय, आणि नक्की कधीपासून कधीपर्यंत म्हणायचं? आम्ही चिपळूणकडचे शाफई, अम्मीचं माहेर सोलापूर, ते लोक हनफी, आणि प्रत्येकजण वेगळंच सांगतोय.

उत्तर:

वालेकुम अस्सलाम. हजला जाणाऱ्यांचे ट्रेनिंग क्लास घेतो मी, तिथे कोकणातले शाफई आणि देशावरचे हनफी एकाच सतरंजीवर बसलेले असतात त्यामुळे तुमच्या घरातला घोळ मला लगेच कळला. काळजी करू नका, फरक फार थोडा आहे, फक्त तो नेमका कुठे आहे ते माहीत पाहिजे.

आधी शब्द. तलबिया एवढाच आहे:

लब्बैक अल्लाहुम्म लब्बैक,
लब्बैक ला शरीक लक लब्बैक,
इन्नल-हम्द वन्-निअमत लक वल-मुल्क,
ला शरीक लक.

आता अर्थ. हजर आहे, या अल्लाह, मी हजर आहे. हजर आहे, तुझा कोणी शरीक म्हणजे भागीदार नाही, मी हजर आहे. खरोखर सगळी स्तुती आणि सगळी देणगी तुझीच, आणि सत्ताही तुझीच. तुझा कोणी भागीदार नाही.

बघा यात ‘लब्बैक’ चार वेळा येतं आणि ‘ला शरीक लक’ दोन वेळा. लब्बैक हे हाकेला दिलेलं उत्तर आहे, कोणी हाक मारली की आपण ‘आलो आलो’ म्हणतो तसं, आणि अरबीत त्याचं रूपच द्विवचनाचं आहे म्हणजे एकदा नाही, पुन्हापुन्हा, एकामागून एक हजर. अब्बांना हे सांगितलं की ते लगेच विचारतील मग हाक मारली कोणी. कुरआनात २२ वी सूरह ‘अल-हज’, तिच्यातली २७ वी आयत बघा, तिथे हजरत इब्राहीम अलैहिस्सलामना हुकूम आहे की लोकांमध्ये हजची घोषणा कर, ते पायी येतील आणि लांबच्या रस्त्यांवरून दुबळ्या झालेल्या उंटांवर बसून येतील. हजरत इब्ने अब्बास रजि. यांच्याकडून या आयतीच्या तफसीरमध्ये आलंय की इब्राहीम अलैहिस्सलाम म्हणाले, माझा आवाज जाणार तरी कुठपर्यंत, तर उत्तर मिळालं की तू हाक दे, पोचवणं माझ्याकडे. तर हाजी जे म्हणतो ते त्या हाकेचं उत्तर समजलं जातं. म्हणून क्लासमध्ये कोणी ‘लब्बैकचा नारा’ म्हणालं की मी थांबवतो, नारा आपण कोणाला तरी ऐकवायला देतो, हे ज्याने बोलावलं त्याला दिलेलं उत्तर आहे.

‘ला शरीक लक’ दोनदा का, याच्यामागे एक गोष्ट आहे आणि मला विचाराल तर तलबियाचा अर्थ समजायला तीच सगळ्यात कामाची. तलबिया इस्लामच्या आधीही होता. मक्केचे मुश्रिक लोकसुद्धा काबाची परिक्रमा करताना लब्बैक म्हणायचे. सहीह मुस्लिममध्ये इब्ने अब्बास रजि. सांगतात की ते ‘लब्बैक ला शरीक लक’ एवढं म्हणायचे तेव्हा पैगंबर सल्ल. म्हणायचे, बस्स, बस्स, इथेच थांबा. पण ते थांबायचे नाहीत, पुढे जोडायचे, ‘इल्ला शरीकन हुव लक, तम्लिकुहू व मा मलक’, म्हणजे तुझा कोणी भागीदार नाही, फक्त एक सोडून, जो तुझाच आहे, त्याचा मालक तू आणि त्याच्याकडे जे काही असेल त्याचाही मालक तूच. म्हणजे आधी एकमेव म्हणायचं आणि मागच्या दाराने एक भागीदार आत घ्यायचा. ते ‘एक सोडून’ काढून टाकलं आणि त्या जागी स्तुती, देणगी, सत्ता सगळं तुझंच असं आलं आणि पुन्हा एकदा ‘ला शरीक लक’ म्हणून दार पक्कं बंद. हिजरी १० म्हणजे इ.स. ६३२ मध्ये पैगंबर सल्ल. यांनी जो एकमेव हज केला त्याचं लांबलचक वर्णन हजरत जाबिर रजि. यांनी केलंय, त्यात या शब्दांची ओळख ते ‘तौहीदची हाक दिली’ अशीच करून देतात, हे काही उगाच नाही.

त्याच हदीसमध्ये पुढे आहे की लोक आपापल्या परीने काही शब्द वाढवून म्हणत होते, पैगंबर सल्ल. यांनी कोणाला अडवलं नाही, पण स्वतः मात्र आपला तलबिया तसाच धरून ठेवला. इब्ने उमर रजि. स्वतः मागे ‘लब्बैक व सअदैक, वल-खैरु बि-यदैक’ असं जोडायचे, म्हणजे सगळी भलाई तुझ्याच हातात. त्यामुळे कोणी शेवटी काही जोडलं तर भांडायचं कारण नाही, पण मूळच्या चार ओळींतलं काही गाळू नये आणि मधे काही घुसवू नये. अम्मी-अब्बांना मी तरी एवढंच सांगेन की मूळ तेवढंच म्हणा.

उच्चाराबद्दल दोनच गोष्टी सांगतो, बाकी जिभेला जमेल तसं. पहिली, ‘लक’ हे ‘लाका’ असं ओढू नका आणि ‘निअमत’ मध्ये अ स्पष्ट येऊ द्या, आपण बोलताना नेमत किंवा न्यामत करून टाकतो. दुसरी थांबण्याची. ‘वल-मुल्क’ वर जरासं थांबायचं आणि मग ‘ला शरीक लक’ वेगळं म्हणायचं. बसमध्ये ठेका धरून म्हणताना हे हमखास बिघडतं, लोक ‘वन्-निअमत लक’ वर श्वास सोडतात आणि मग ‘वल-मुल्क ला शरीक लक’ एका दमात, म्हणजे सत्तेला स्तुती-देणगीपासून तोडून पुढच्या वाक्याला चिकटवलं. गुनाह वगैरे काही नाही त्यात, पण अर्थ विस्कटतो. मुल्क म्हणजे इथे देश नाही हं, आपल्या मुलूख शब्दाचं मूळ तेच असलं तरी इथे अर्थ राज्य, सत्ता, मालकी असा आहे. आणि काही जुन्या हाजींकडून ‘इन्नल’ च्या जागी ‘अन्नल’ ऐकाल, तेही आलेलं आहे. जाणकार फरक असा करतात की ‘अन्न’ म्हटलं तर मी हजर आहे कारण स्तुती तुझी आहे, असं कारण लागतं, आणि ‘इन्न’ म्हटलं तर मी हजर आहेच, कारण विचारू नका, आणि स्तुती तर तुझीच आहे. बहुतेक उलमा ‘इन्न’ पसंत करतात, ते ठेवा.

आता घोळाची जागा.

हनफी मस्लकमध्ये इहराम नुसत्या नियतने लागत नाही. नियत पाहिजे आणि तिच्यासोबत तलबिया एकदा तरी तोंडाने पाहिजे, जशी नमाज ‘अल्लाहु अकबर’ म्हटल्याशिवाय सुरू होत नाही. शाफई मस्लकमध्ये मनात नियत केली की इहराम लागला, तलबिया सुन्नत आहे, खूप म्हणावा, पण राहिला तर इहराम तुटत नाही. म्हणजे तुमच्या अब्बांनी नियत केली आणि तलबिया विसरले तर ते त्यांच्या मस्लकप्रमाणे इहराममध्ये आहेत, अम्मी माहेरच्या हिशोबाने चालत असतील तर त्या अजून नाहीत. उपाय सोपा आहे, दोघांनी नियत केल्याकेल्या लगेच तलबिया पढायचा, मग कोणाच्या मस्लकचा प्रश्नच उरत नाही. तीन वेळा पढा, मग हळू आवाजात दरूद, मग दुआ.

दोन चादरी अंगावर घेतल्या म्हणजे इहराम लागला असं अर्ध्या लोकांना वाटतं. तसं नाही, कपडे ही तयारी आहे. तुमच्यासाठी प्रत्यक्षात कसं होईल ते सांगतो. मुंबईत घरून निघतानाच गुस्ल करून अब्बांनी चादरी घालाव्यात, अम्मींचे नेहमीचे ढिले कपडेच चालतात. दोन रकात नमाज पढावी. पण नियत तिथे करू नका, फ्लाइट लेट झाली तर विनाकारण इहरामच्या पाबंद्यांमध्ये अडकून बसाल, खुशबूचा साबण नको, नखं नको, केस तुटू द्यायचे नाहीत. केली तर चुकीचं नाही, पण गरज नाही. थेट जेद्दाला जाणाऱ्या भारतीयांसाठी मीकात यलमलम धरतात, म्हणजे ती हद्द जी इहरामशिवाय ओलांडायची नाही, आणि ती विमानातच येते, उतरण्याच्या थोडं आधी. हजच्या फ्लाइटमध्ये तशी अनाउन्समेंट होते. पण अनाउन्समेंटच्या भरवशावर झोपू नका! पाच तासांचा प्रवास, रात्रभर जागरण, जेवण झालं की डोळा लागतो आणि जाग येते ती थेट चाकं जमिनीला टेकल्यावर. मी सगळ्यांना सांगतो की जेवणाचे ट्रे उचलले की तेव्हाच नियत करून मोकळे व्हा, मीकातच्या आधी केलेली चालते, नंतरची नाही.

तरी समजा राहिलंच, दोघं झोपले आणि जेद्दाला जाग आली. तर आधी घाबरून जाऊ नका. मीकात बिना इहराम ओलांडली की परत कुठल्यातरी मीकातवर जाऊन तिथून नियत आणि तलबिया करून यायचं, ते जमलं तर काही देणं लागत नाही. जमणार नसेल, आणि हजच्या गर्दीत ग्रुप सोडून सहसा जमत नाहीच, तर जिथे आहात तिथे नियत करून तलबिया पढा आणि एक दम द्यायचा, म्हणजे हरमच्या हद्दीत एक बकरा. इमाम अबू हनीफा यांचा इथे एक बारीक मुद्दा आहे, ते म्हणतात की मीकातच्या आत येऊन इहराम बांधला आणि मग उमराहचं काही काम सुरू करायच्या आधी माणूस परत मीकातवर गेला तर तिथे त्याने तलबिया पढला पाहिजे तरच दम माफ होतो, त्यांचे दोन शागिर्द म्हणतात नुसतं जाऊन आलं तरी पुरे. एवढं वजन आहे हनफी फिकहमध्ये या चार ओळींना. आजकाल काही उलमा विमानाने येणाऱ्यांना जेद्दाला उतरून इहराम बांधायची परवानगी देतात पण आपल्याकडचे बहुतेक मुफ्ती ती मान्य करत नाहीत, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.

ज्यांची फ्लाइट आधी मदीन्याला असते त्यांचं सोपं असतं, त्यांची मीकात जुल-हुलैफा, ज्याला आता अब्यार अली म्हणतात, तिथे बस थांबते, मशीद आहे, गुस्लखाने आहेत. पैगंबर सल्ल. यांनी तलबिया सुरू केला तो इथूनच. आणि अम्मींसाठी एक महत्त्वाचं, तुमच्या ग्रुपमधल्या कोणा तरुण बाईलाही सांगा, मासिक पाळी असेल तरी नियत आणि तलबिया दोन्ही करायचं असतं. याच जुल-हुलैफाला हजरत अबू बक्र रजि. यांच्या बीवी अस्मा बिन्ते उमैस बाळंत झाल्या, मुलगा झाला, आणि त्यांना सांगितलं गेलं की गुस्ल कर, कपडा बांध आणि इहराम बांध. अशा हालतीत फक्त तवाफ थांबतो. दरवर्षी कोणीतरी बाई लाजेपायी गप्प बसते आणि बिना इहराम मीकात पार करते, आणि हे तिला आधी कोणी न सांगितल्यामुळे होतं.

आवाजाचं असं आहे की पुरुषांनी मोठ्याने, बायकांनी स्वतःला ऐकू येईल एवढंच. जिब्रील अलैहिस्सलामनी येऊन सांगितलं की तुमच्या साथीदारांना तलबियात आवाज चढवायला सांगा, अशी हदीस आहे, आणि सहाबांबद्दल असंही आलंय की रौहाला पोचेपर्यंत त्यांचे घसे बसायचे. तरी अब्बांनी घसा बसवून घेऊ नये, पुढे पाच दिवस धूळ आणि खोकला आहेच. बसमध्ये एकजण माइकवर म्हणतो आणि सगळे मागून एका सुरात म्हणतात, शिकवायला ठीक आहे, माझ्या क्लासमध्ये मीही तसंच घेतो, पण असली पद्धत ही की प्रत्येकाने आपला आपला पढावा, शेजाऱ्याशी जुळलं तर जुळलं. चढण आली, उतार आला, बसमध्ये चढलात, उतरलात, नमाज झाली, ओळखीचं कोणी भेटलं, पहाट झाली, अशा प्रत्येक बदलाला पढायचा. मधे कोणी सलाम केला तर तलबिया पूर्ण करून जवाब द्या.

शब्द अम्मींना अजिबात लक्षात राहिले नाहीत तर? तुम्ही म्हणताय पाठ झालंय, पण विमानात टेन्शनमध्ये पाठ झालेलं उडतं. हनफी मस्लकमध्ये इहरामच्या नियतसोबत अल्लाहच्या बडाईचे कुठलेही शब्द, कुठल्याही भाषेत, चालतात, अरबी तलबिया उत्तम एवढंच. ‘या अल्लाह मी हजर आहे, तुझा कोणी शरीक नाही’ मराठीत म्हटलं तरी इहराम लागतो. शाफईत तर नियतच पुरेशी. म्हणून म्हाताऱ्या माणसांना पाठांतरावरून रडवू नका, खिशात चिठ्ठी द्या.

बंद कधी करायचं, इथे जास्त चुका होतात कारण एकाच सफरमध्ये तलबिया दोनदा सुरू होतो आणि दोनदा बंद होतो. आपले बहुतेक लोक तमत्तुअ करतात, आधी उमराह, मग इहराम सोडून थांबायचं, मग हजचा नवा इहराम. पहिला तलबिया विमानात सुरू झालेला, तो मक्केत हरममध्ये जाऊन हजरे अस्वदच्या समोर तवाफ सुरू करेपर्यंत. पहिला इस्तिलाम म्हणजे हाताने इशारा केला की बंद, हनफी शाफई दोन्हीकडे हेच. तवाफमध्ये लब्बैक नाही, तिथे दुआ. तरी मताफमध्ये फिरताना लब्बैक लब्बैक ओरडणारे ग्रुप दिसतील तुम्हाला, त्यांच्या मागे जाऊ नका. सई झाली, केस कापले, इहराम सुटला, आता कपडे नेहमीचे आणि तलबिया नाही.

दुसरा सुरू होतो ८ जिलहिज्जाला, मक्केत जिथे मुक्काम असेल तिथूनच, मीकातवर जायची गरज नाही. हल्ली बसेस ७ च्या रात्रीच मिनाकडे नेतात त्यामुळे निघण्याआधी खोलीवर नियत आणि तलबिया करून घ्या. हा तलबिया मग मिना, ९ ला अरफात, संध्याकाळी सूर्य बुडाल्यावर मुज्दलिफा, असा चालू राहतो. मिनाहून अरफातला जाताना कोणी तकबीर म्हणत असेल तर टोकू नका, हजरत अनस रजि. सांगतात की आमच्यातले काही तलबिया म्हणत होते काही तकबीर, आणि कोणी कोणाला अडवत नव्हतं.

मुज्दलिफापर्यंत येऊन लोक गळपटतात. रात्र उघड्यावर, खडे गोळा करायचे, झोप नाही, आणि लब्बैक आपोआप थांबतो, काहींना तर वाटतं अरफात झालं म्हणजे संपलं. हे आजचं नाही बरं का. हजरत इब्ने मसऊद रजि. मुज्दलिफाहून निघताना तलबिया म्हणत होते तर कोणीतरी म्हणालं, हा कोण गावंढळ बद्दू आहे का? त्यावर ते म्हणाले, लोक विसरले की भरकटले? ज्यांच्यावर सूरह बकरा उतरली त्यांना मी याच जागी लब्बैक म्हणताना ऐकलंय.

१० तारखेला मोठ्या जमऱ्यावर, म्हणजे जमरा अकबावर, सात खडे मारायचे असतात, चण्यापेक्षा जरा मोठे. पैगंबर सल्ल. यांच्या मागे उंटावर फज्ल बिन अब्बास रजि. बसलेले होते, ते सांगतात की जमऱ्यावर खडे मारेपर्यंत तलबिया चालूच होता. तर पहिला खडा हातातून सुटला की तलबिया बंद आणि प्रत्येक खड्यासोबत ‘अल्लाहु अकबर’. अब्बांना सांगा की जमरात पुलावर गर्दीत चालताना लब्बैक म्हणत राहा, जमरा समोर आला, पहिला खडा उचलला, तिथपर्यंत. त्यानंतर ११, १२ ला कितीही खडे मारले, तवाफे जियारत केला तरी तलबिया परत येत नाही. हज झाल्यावर मक्केत दिवस शिल्लक राहिले आणि तनईमला मशिदे आयशाहून उमराह करायचा ठरवला तर मात्र नवा इहराम, नवी नियत, आणि लब्बैक परत सुरू, तवाफ सुरू होईपर्यंत.

आणि तो व्हॉट्सअॅपवर फिरणारा मेसेज, हरामच्या पैशाने हजला गेलं तर आकाशातून ‘ला लब्बैक’ असा आवाज येतो वगैरे, त्या हदीसची सनद कमजोर आहे. पैसा हलाल असावाच, त्यात वाद नाही, पण अम्मींनी तो मेसेज वाचून घाबरून मला काहीजणींसारखं रात्री फोन करू नये म्हणून आधीच सांगून ठेवतो.